घरचे दुःख, ऑफिसातला श्रोता

बिघडलेल्या संसाराची पहिली वाच्यता बऱ्याचदा घरात न होता ऑफिसात होते. एखादा सहकारी चहाच्या वेळी बोलता बोलता घरच्या कटकटीवर येतो आणि नवरा-बायकोत कित्येक महिने धड बोलणे नाही, हे सांगून टाकतो. एकदा सांगून तो थांबला, तर विषय तिथेच मिटतो. पण पुष्कळदा तो पुन्हा येतो, आणि त्याच माणसाकडे येतो. डबा खाताना शेजारची खुर्ची धरतो, सुटायच्या वेळी रेंगाळतो, रात्री मेसेज करतो. ऐकणाऱ्याला त्याचे वाईट वाटते, आपल्यावर विश्वास टाकला याचे बरेही वाटते, आणि काही आठवड्यांनी मनात प्रश्न उभा राहतो की या माणसाला आपल्याकडून नेमके काय हवे आहे. सांगणारा पुरुष असो वा स्त्री, ऐकणारे कुणीही असो, प्रश्न तोच असतो.

या प्रश्नाचे उत्तर पहिल्या संभाषणात मिळत नाही. मोकळे व्हायला आलेला माणूस आणि जवळीक शोधत आलेला माणूस पहिल्या दिवशी जवळजवळ सारखेच बोलतात. फरक दिसतो तो पुढच्या काही आठवड्यांत, आणि तोही बोलण्यापेक्षा वागण्यात. ऐकून घेतल्यावर तो माणूस आपल्या संसाराकडे वळतो की ऐकणाऱ्याकडे, हे पाहावे लागते.

सहकाऱ्यालाच का सांगितले जाते

नातेवाइकांना सांगितलेली गोष्ट नातेवाइकांपुरती राहत नाही. आईला सांगितले की ती व्याह्यांना फोन करते, भावाला सांगितले की तो बाजू घेतो, आणि दोन दिवसांत घरात बैठक बसते. शिवाय भांडण मिटल्यावरही घरच्यांच्या मनातली अढी जात नाही. त्यामुळे संसार मोडायचा की टिकवायचा हे स्वतःलाच ठरवता आलेले नसते, तोवर माणूस घरच्यांपाशी तोंड उघडत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 1908 मध्येच नोंदवले होते की जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टी माणसे परक्यापाशी आश्चर्य वाटावे इतक्या मोकळेपणाने बोलतात. परक्याचा आपल्या वर्तुळाशी संबंध नसतो, त्यामुळे त्याच्या निवाड्याची भीती कमी असते. आगगाडीतल्या सहप्रवाशाला लोक आयुष्य सांगतात ते यामुळेच. सहकारी या दोहोंच्या मधला असतो. आपल्या जोडीदाराला तो ओळखत नाही, म्हणून पुरेसा परका असतो. आणि रोज आठ-नऊ तास समोर असतो, म्हणून पुरेसा जवळचाही असतो. मात्र सहप्रवासी पुढच्या स्टेशनावर उतरून जातो, तर सहकारी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा समोर असतो. म्हणूनच एकदाचे सांगणे इथे रोजचे सांगणे होऊ शकते.

त्यात भर पडते ती एका विषम तुलनेची. ऑफिसात माणूस आवरून, सभ्यपणे, कामाच्या उत्साहात भेटतो. घरी तोच माणूस थकलेला असतो, आणि समोर घराचा हप्ता, मुलांच्या परीक्षा, आई-वडिलांची औषधे असतात. सहकाऱ्याबरोबर यातले काहीच वाटून घ्यायचे नसते. त्यामुळे ‘ही समजून घेते, बायको समजून घेत नाही’ किंवा ‘हा ऐकतो, नवरा ऐकत नाही’ असा निष्कर्ष फार लवकर निघतो. तो दोन माणसांमधला फरक वाटतो, पण पुष्कळ अंशी तो दोन परिस्थितींमधला असतो.

सांगण्यातूनच जवळीक तयार होते

मन उघडे करणे हे जवळीक असल्याचे लक्षण आहे, तसेच ते जवळीक निर्माण होण्याचे कारणही आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्यांना सुमारे पाऊण तास एकमेकांना 36 प्रश्न विचारायला सांगितले होते. प्रश्न हलक्याफुलक्यापासून सुरू होऊन हळूहळू खासगी होत जाणारे होते. दुसऱ्या गटातल्या जोड्यांनी तितकाच वेळ वरवरच्या विषयांवर गप्पा मारल्या. खासगी प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या जोड्यांना शेवटी एकमेकांविषयी कितीतरी अधिक जवळीक वाटली. त्यांनी ती जवळीक शोधलेली नव्हती. प्रश्नांच्या क्रमानेच ती घडवून आणली.

नॅन्सी कॉलिन्स आणि लिन मिलर यांनी 1994 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांना तीन गोष्टी आढळल्या. जो मोकळेपणाने सांगतो तो लोकांना अधिक आवडतो. लोक ज्याला पसंत करतात त्याला अधिक सांगतात. आणि तिसरी गोष्ट या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे: आपण ज्याला मनातले सांगितले तो, सांगितल्यामुळेच, आपल्याला अधिक आवडू लागतो.

म्हणजे निव्वळ मन हलके करायला आलेला माणूसही महिन्या-दोन महिन्यांनी ऐकणाऱ्यात गुंतू शकतो. त्याचा हेतू पहिल्यापासून वेगळा होता असे म्हणता येत नाही. हेतू वाटेत बदलतो, आणि तो बदललेला त्याला स्वतःलाही उशिरा कळतो. ‘तुला काय हवे आहे?’ असे थेट विचारून खरे उत्तर मिळेलच याची खात्री नसते, ती यामुळे.

चार वेगवेगळ्या गरजा

पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसाची गरज ढोबळमानाने चारांपैकी एक असते. त्या एकमेकींत मिसळतात, पण प्रत्येकीचा कल वेगळा असतो.

पहिली गरज केवळ मोकळे होण्याची. असा माणूस खूप बोलतो, कधी डोळ्यांत पाणी येते, आणि बोलून झाल्यावर त्याला खरोखर बरे वाटते. तो एकाच श्रोत्याला धरून नसतो. दुसरा कुणी विश्वासाचा भेटला तर त्याच्याशीही बोलतो. काही दिवसांनी त्याच्या बोलण्यात घरच्या गोष्टी पुढे सरकलेल्या दिसतात: काल आम्ही बोललो, तिने असे म्हटले, आता असे ठरवले आहे.

दुसरी गरज ग्वाहीची. ‘चूक माझी नाही ना?’ हे त्याला कुणाकडून तरी ऐकायचे असते. तो प्रसंग तपशीलवार सांगतो आणि शेवटी विचारतो, ‘आता तूच सांग, यात माझं काय चुकलं?’ हा प्रश्न खरा नसतो, त्याला एकच उत्तर चालते. श्रोत्याने जोडीदाराची बाजू मांडली तर तो दुखावतो. ग्वाही मिळाली की ती घरच्या भांडणात वापरली जाण्याची शक्यता असते: ‘ऑफिसातले लोकसुद्धा म्हणतात की तुझंच चुकतं.’ श्रोत्याने ज्या घराचा उंबरा कधी ओलांडलेला नसतो, तिथल्या भांडणात त्याचा शब्द साक्षीला येतो.

तिसरी गरज सहज लक्षात येत नाही. संसार सुधारायचा नाही, मोडायचाही नाही. तो सहन होईल एवढा दिलासा मिळवायचा आहे. कुटुंबचिकित्सेच्या क्षेत्रात पायाभूत काम केलेले अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी हा त्रिकोण मांडला. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की त्यांच्यातले एक जण तिसऱ्याला आत ओढते. ताण तिघांत वाटला जातो, आणि मूळ दोघे आपापल्या जागी टिकून राहतात. कुकरच्या शिट्टीतून वाफ जाते तसे हे आहे. वाफ गेली, दाब आवाक्यात राहिला, पण आच तशीच आहे. अशा सहकाऱ्याचे रडगाणे वर्षभराने ऐकले तरी त्यात नवीन काही नसते. श्रोत्याला वाटते आपण मदत करतो आहोत. प्रत्यक्षात त्याच्या ऐकण्यामुळे निर्णय पुढे ढकलला जात असतो.

नुसते घोळून बोलण्याचा तोटा आणखीही आहे. अमँडा रोझ यांनी 2002 मध्ये शाळकरी मुलांच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेच तेच दुःख एकमेकांशी पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या मुलांची मैत्री अधिक घट्ट असल्याचे त्यात दिसले, पण त्यांच्यात उदासी आणि चिंतेची लक्षणेही अधिक होती. दुःख उगाळण्यातून नाते वाढते आणि मन खचते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. मैत्री वाढते आहे म्हणजे त्या माणसाचे भले होत आहे, असे म्हणूनच धरून चालता येत नाही.

चौथी गरज नव्या जवळिकीची. तिचे टोक प्रेमसंबंधापर्यंत जाऊ शकते. कधी ती नुसत्या भावनिक आधाराच्या मागणीवर थांबते. इथे संसाराची तक्रार हळूहळू निमित्त बनते आणि बोलण्याचा विषय श्रोता होतो. हा बदल कसा घडतो, ते एका उदाहरणातून नीट दिसते.

मार्चअखेर ते जून

उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला क्रम नेहमीचा आहे. एका कंपनीच्या लेखा विभागात चाळिशीतला वरिष्ठ लेखापाल आणि तिशीतली सहकारी आहेत, दोघेही विवाहित. मार्चअखेरच्या कामासाठी त्यांना रात्री साडेआठपर्यंत थांबावे लागते. एकदा ती म्हणते, ‘सर, निघायला हवं, घरी वाट बघत असतील.’ तो म्हणतो, ‘तुमची बघतात मॅडम. आम्ही दोघं नुसते एका घरात राहतो.’ ती खुर्चीत परत बसते आणि विचारते, ‘काय झालं?’ इथवर जे घडले ते साध्या माणुसकीचे आहे.

एप्रिलमध्ये काम ओसरते. थांबण्याचे कारण संपले, पण बोलणे थांबत नाही. तो तिच्या टेबलाशी येतो: ‘एक एन्ट्री जुळत नाहीये, जरा बघता का?’ एन्ट्री दोन मिनिटांत जुळते आणि विषय घरावर जातो. कँटीनमध्ये तिसरे कुणी टेबलावर आले की तो गप्प होतो. काही दिवसांनी तोच सुचवतो, ‘इथे नको, बाहेर टपरीवर जाऊ.’ संभाषणाला आता एकांत लागू लागला आहे.

मे महिन्यात ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ गळून पडतात. रात्री पावणेअकराला मेसेज येतो, ‘झोपलीस का?’ बोलण्याचा रोखही बदलतो. आधी तो म्हणत असे, ‘बायको बोलत नाही, काय करावं कळत नाही.’ आता म्हणतो, ‘ती कधी विचारतसुद्धा नाही. तू मात्र चेहऱ्यावरून ओळखलंस.’ मग एक दिवस, ‘हे मी फक्त तुलाच सांगतोय.’ ती चार दिवस गावी जाऊन येते, तेव्हा तो नीट बोलत नाही. विचारल्यावर म्हणतो, ‘मला वाटलं, एखादा तरी फोन करशील.’

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच सिद्ध होत नाही. टपरीवरचा चहा सगळेच पितात. रात्रीचा मेसेज कामाचाही असतो. पण एकांताचा आग्रह, जोडीदाराशी तुलना, ‘फक्त तुलाच’ हे बंधन आणि गैरहजेरीबद्दल रुसवा, या चार गोष्टी याच क्रमाने आल्या की अर्थ बराच स्पष्ट होतो. रुसवा ही त्यातली सर्वांत बोलकी खूण आहे. आपल्या न येण्यावर ज्याचा हक्काने रुसवा असतो, त्याने मनाने आपल्याला नात्यात धरलेले असते.

बाल्टिमोरच्या मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी विवाहबाह्य संबंधांवर दीर्घ काम केले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात भिंत आणि खिडकीची कल्पना येते. निकोप संसारात नवरा-बायकोमध्ये उघडी खिडकी असते आणि बाहेरच्यांसाठी त्यांच्या खासगी गोष्टींभोवती भिंत असते. घरातले बाहेर सांगितले जाते आणि बाहेरचे सांगणे घरात लपवले जाते, तेव्हा भिंत आणि खिडकी यांची अदलाबदल होते. वरच्या उदाहरणात पावणेअकराचा मेसेज त्याने बायकोपासून लपवून केला असेल, किंवा तिने तो नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून पुसला असेल, तर ही अदलाबदल सुरू झालेली आहे. स्पर्शाचा किंवा प्रेमाचा एक शब्दही झालेला नसला, तरीही.

गैरसमजाची दुसरी बाजू

खुणा वाचताना उलटी चूकही होते. अँटोनिया ॲबी यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक पुरुष आणि एक स्त्री पाच मिनिटे गप्पा मारत होते, आणि दुसरे एक पुरुष व एक स्त्री त्यांना लपून पाहत होते. त्या स्त्रीच्या साध्या मैत्रीपूर्ण वागण्यात पुरुषांना लैंगिक रस अधिक दिसला. स्त्रियांना तो तितका दिसला नाही. म्हणून एखादी विवाहित सहकारी पुरुष सहकाऱ्यापाशी संसाराचे दुःख बोलली, तर त्यातून तिला आपण हवे आहोत असा अर्थ काढण्याआधी त्याने बराच काळ थांबलेले बरे. तिला भाऊ नसेल, माहेर दूर असेल, पुरुषाच्या नजरेतून ही गोष्ट कशी दिसते एवढेच तिला जाणून घ्यायचे असेल. वरच्या चारांपैकी एकही खूण नसताना केलेला तर्क बहुधा ऐकणाऱ्याच्या मनातून आलेला असतो.

ऐकणाऱ्याच्या मनाचाही विचार करायलाच हवा. कुणाला तरी आपली गरज आहे, आपल्याशिवाय त्याचे चालत नाही, ही भावना गोड असते. स्वतःच्या घरी कुणी फारसे विचारत नसेल तर ती अधिकच गोड लागते. सहकारी आज का आला नाही याची हुरहुर लागणे, त्याच्या जोडीदाराविषयी न भेटताच राग वाटणे, घरी त्याचे नाव घ्यायचे टाळणे, या श्रोत्याकडच्या खुणा आहेत. त्या दिसल्या तर प्रश्न एकट्या सांगणाऱ्याचा राहिलेला नसतो.

एक प्रश्न आणि त्याची दोन उत्तरे

हेतू ओळखण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे संभाषण संसाराकडे परत वळवणे आणि काय होते ते पाहणे. वरच्या उदाहरणातली सहकारी जूनमध्ये एक दिवस विचारते, ‘सर, हे सगळं तुम्ही वहिनींशी बोललात का? दोघं मिळून एखाद्या समुपदेशकाकडे गेलात का?’

समजा, तो अस्वस्थ झाला, पण आठवड्याने येऊन म्हणाला, ‘शनिवारी जातोय. ती यायला तयार झाली.’ त्यानंतर त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मग त्याला मोकळे व्हायचे होते आणि कुणीतरी वाट दाखवायला हवी होती, एवढाच अर्थ निघतो. मधल्या काळात तो थोडा गुंतला असेल, पण त्याचे तोंड घराकडे आहे.

समजा, तो म्हणाला, ‘तूपण आता तिच्यासारखंच बोलायला लागलीस,’ आणि दुसऱ्या दिवशी, ‘सोड ते. तुझ्याशी बोललं की मी ते सगळं विसरतो.’ मग उत्तर मिळाले. ज्याला प्रश्न सोडवायचा आहे तो विसरायला येत नाही. त्याला दिलासा हवा आहे किंवा ती हवी आहे. दोन्हींपैकी काहीही असले तरी तिने ऐकत राहिल्याने त्याचा संसार सुधारणार नाही.

यानंतर पुष्कळ लोक चुकतात ते माघार घेण्याच्या पद्धतीत. स्पष्ट बोलायला संकोच वाटतो, म्हणून ते चार मेसेजना उत्तर देत नाहीत आणि पाचव्याला दया येऊन देतात. बी. एफ. स्किनर यांच्या परंपरेतल्या प्रयोगांनी दाखवले आहे की प्रत्येक वेळी खाणे मिळणाऱ्या प्राण्यापेक्षा अधूनमधून मिळणारा प्राणी, खाणे पूर्ण बंद झाल्यावर, अधिक चिकाटीने प्रयत्न करत राहतो. माणसाच्या बाबतीतही अधूनमधून मिळणारे उत्तर पाठलाग वाढवते. त्यामुळे एकदाच, शांतपणे आणि चिडचिड न करता सांगणे हे दोघांच्याही भल्याचे असते. ‘सर, तुमचा त्रास मला कळतो. पण या विषयात मी तुम्हाला उपयोगी पडू शकत नाही. तुम्ही समुपदेशकाशी बोला. कामाचं काहीही असलं तर मी आहेच.’ यात त्याच्या हेतूवर आरोप नाही, म्हणून वाद घालायला जागा नाही. त्यानंतर चहा सगळ्यांबरोबर, रात्रीच्या मेसेजला सकाळी ऑफिसात उत्तर, तेही कामापुरते, एवढे पाळले की बहुतेक वेळा गोष्ट आपोआप निवळते. पहिले काही दिवस तो अधिक प्रयत्न करील, कदाचित टोचून बोलेल. तेव्हा न विरघळणे महत्त्वाचे असते.

जिथे हा हिशेब लागू होत नाही

सांगणाऱ्याच्या बोलण्यात मारहाण, कोंडून ठेवणे, पगार काढून घेणे, धमक्या असतील तर हेतूची चिकित्सा बाजूला ठेवावी लागते. अशा स्त्रीने पुन्हा पुन्हा येऊन बोलणे ही मदतीची हाक असू शकते, आणि ऑफिस ही तिच्या दिवसातली एकमेव सुरक्षित जागा असू शकते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा शारीरिक मारहाणीबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही धरतो. त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महिलांसाठी 181 ही मदतवाहिनी आहे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे स्त्रीकडून येवो वा पुरुषाकडून, ते भावनिक दबाव म्हणून झटकून टाकू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी आहे. तो देणे, शक्य तर त्याच वेळी लावून देणे, आणि घरच्या एखाद्या विश्वासू माणसाला कळवणे योग्य ठरते. इथे गुप्ततेचे वचन पाळायचे नसते.

दुसरा अपवाद अधिकाराचा. सांगणारा वरिष्ठ असेल, पगारवाढ किंवा बदली त्याच्या हातात असेल, तर श्रोत्याचे ऐकणे पूर्णपणे स्वखुशीचे राहत नाही. स्पष्ट नकारानंतरही खासगी बोलणे, मेसेज, एकांताचा आग्रह चालू राहिला आणि त्याला लैंगिक रोख आला, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा स्त्री कर्मचाऱ्याला तक्रारीचा हक्क देतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार लेखी आणि साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. म्हणून मेसेज पुसण्याऐवजी जपून ठेवावेत.

संसार न्यायालयात गेला तर श्रोताही त्यात ओढला जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये व्यभिचाराचे कलम रद्द केले, त्यामुळे तो आता फौजदारी गुन्हा नाही. पण घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे. कौटुंबिक न्यायालयाला उपयुक्त वाटेल तो कागद किंवा मजकूर पुराव्यात घेण्याची मोकळीक 1984 च्या कायद्याने दिलेली आहे. निव्वळ सहानुभूतीने लिहिलेले रात्रीचे मेसेज तिथे वेगळ्याच अर्थाने वाचले जाऊ शकतात.

सहकाऱ्याचे दुःख एकदा, दोनदा, मन लावून ऐकावे. त्यात गैर काही नाही आणि त्याने माणूस सावरतोही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र ‘पुढे काय करणार आहात?’ हे विचारायलाच हवे. त्या प्रश्नाने जो दुरावतो त्याला मदत नको होती, आणि ज्याला मदत हवी होती त्याला त्या प्रश्नाचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.